आइस्क्रीम मिक्सची रेसिपी: पॅनलवरून पीएलसीत उतरवण्याच्या प्रकल्प नोंदी

४ जून

सातारा जिल्ह्यातली डेअरी. दोन हजार लिटरचा जॅकेटवाला व्हॅट, त्यात बॅचने दूध तापवतात. आइस्क्रीम मिक्स, लस्सीचं दूध आणि साधं दूध असे तीन प्रकार याच व्हॅटमध्ये होतात. पीएलसी एस७-१२००, पॅनल १२ इंची कम्फर्ट. यंत्रणा चालू आहे, फक्त रेसिपीचा भाग नव्याने करून द्यायचा आहे.

जुन्या पॅनलमध्ये एकच रेसिपी आणि तिच्याखाली सगळे रेकॉर्ड. प्रत्येक रेकॉर्डमध्ये दुधाचं वजन, साखरेचं वजन, तापवण्याचं तापमान, त्या तापमानाला धरून ठेवायची वेळ (इथे सगळे ‘होल्ड’ म्हणतात), थंड करण्याचं तापमान आणि ढवळणीचा वेग. मर्यादा फक्त पॅनलच्या टॅगवर लावलेल्या, तापमानाला ४० ते ९५. यंत्राच्या दृष्टीने त्या बरोबर आहेत. ४० च्या खाली तापवण्याला अर्थ नाही आणि ९५ च्या वर गेलं की फेस झाकणातून बाहेर येतो.

रेकॉर्ड चाळताना ‘मँगो मिक्स’ सापडला. तापमान ६५, होल्ड ३० मिनिटं. साध्या दुधाचा रेकॉर्ड उघडून नाव बदलून सेव्ह केलेला दिसतोय, कारण ढवळणीचा वेगही तोच आहे. साध्या दुधाला ६३ अंश आणि ३० मिनिटं ही बॅच पाश्चरायझेशनची किमान अट, त्यामुळे ६५ तिथे चालतं. आइस्क्रीम मिक्समध्ये फॅट आणि साखर जास्त, जंतूंना त्यांचा आडोसा मिळतो, म्हणून त्याला ६९ अंश आणि ३० मिनिटं लागतात. क्वालिटीच्या मॅडमनी आकडा पाहिला आणि तो रेकॉर्ड तिथल्या तिथे वापरातून काढायला लावला. त्यावर एकही बॅच निघालेली नाही, हे बॅच रजिस्टरवरून नक्की झालं.

४० ते ९५ च्या मर्यादेत ६५ अगदी आरामात बसतो. म्हणजे मर्यादा होती, पण ती चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत होती. यंत्राला काय झेपतं आणि या मालाला काय लागतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढची सगळी मांडणी यावरच करायची.

६ जून

आज फक्त कागदावर काम. मॅडम, शिफ्ट इन्चार्ज काका आणि मेंटेनन्सचे इंजिनिअर, तिघांना एकत्र बसवलं.

ठरलं ते असं. तीन प्रकार म्हणजे तीन वर्ग, आणि प्रत्येक वर्गाची मर्यादांची एक ओळ पीएलसीत राहील. आइस्क्रीम मिक्सचं सेट तापमान ७० ते ८०. किमान ६९ असताना ७० का, असं काकांनी विचारलं. गेल्या आठवड्याचा ट्रेंड काढून दाखवला. होल्ड चालू असताना स्टीम व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो तसं तापमान सेटच्या वर-खाली साधारण अर्धा-पाऊण अंश हलतं. सेट ६९ ठेवला तर अर्धा वेळ दूध ६९ च्या खालीच असणार. होल्डचा टायमर ६९ किंवा त्यावर असतानाच मोजणार आणि खाली गेलं की शून्यावर जाणार, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मग ६९ सेट केलेली बॅच कधी संपणारच नाही. काका हसले, म्हणाले, ‘‘म्हणजे ऑपरेटर रात्रभर व्हॅटजवळच.’’

साध्या दुधाला ६४ ते ८०, लस्सीच्या दुधाला ८५ ते ९२. लस्सीला होल्ड ५ मिनिटांपासून चालतो, बाकी दोघांना ३० च्या खाली नाही. टायमर कोणत्या तापमानाच्या वर मोजायला लागेल तो आकडाही वर्गाच्या ओळीत ठेवायचा. रेसिपीत तो दिसणारच नाही.

मग खरा वाद निघाला, वर्ग ठरवणार कोण? इंजिनिअरांचं म्हणणं होतं की रेकॉर्डमध्येच ‘वर्ग’ नावाचा एक रकाना ठेवा. मला ते पटत नव्हतं. रेसिपी नाकारली गेली की माणूस आधी तोच रकाना बदलून बघणार, आणि ६५ अंशाचं मँगो ‘साधं दूध’ म्हणून आत जाणार. त्याऐवजी पॅनलवर तीन वेगळ्या रेसिपी करायच्या, १, २ आणि ३. रेकॉर्ड पाठवताना पॅनल रेसिपीचा क्रमांक स्वतःच पीएलसीला सांगतो. तो कुणाला हाताने टाइप करता येत नाही. पीएलसीने त्या क्रमांकावरून मर्यादांची ओळ उचलायची. आइस्क्रीम मिक्सच्या रेसिपी २ मधून ६५ पाठवूच द्या, मग बघू.

९ जून

देवाणघेवाणीची बाजू बांधली. पॅनलकडे डेटा मेलबॉक्स म्हणून पाच वर्डांचा एक छोटा भाग असतो. पहिल्या वर्डात रेसिपीचा क्रमांक, दुसऱ्यात रेकॉर्डचा क्रमांक, चौथ्यात स्थिती. स्थिती ० असेल तर मेलबॉक्स मोकळा, २ म्हणजे पाठवणं चालू, ४ म्हणजे सगळं पोहोचलं, १२ म्हणजे पाठवताना गडबड झाली. काम झाल्यावर स्थिती परत ० करायची जबाबदारी पीएलसीची.

पॅनल जे पाठवेल ते `DB_Inbox` मध्येच पडेल. बॅच चालते ती `DB_Active` वरून, आणि पॅनलला त्यात लिहायचा रस्ताच ठेवलेला नाही. स्थिती ४ दिसली की पीएलसी इनबॉक्स पूर्ण तपासतो. सगळं बरोबर असेल तरच पूर्ण संच एका ओळीत पुढे सरकतो:

```
"DB_Active".rcp := "DB_Inbox".rcp;
```

सहापैकी पाच आकडे बरोबर आणि एक चूक असेल तर एकही पुढे जात नाही. काही ठिकाणी चुकीचा आकडा गपचूप मर्यादेवर आणून ठेवतात, म्हणजे ६५ आला की ७० करून घेतात. मला ते अजिबात आवडत नाही. पॅनलवर एक आकडा आणि व्हॅटमध्ये दुसरा, मग रजिस्टरमध्ये काय लिहिणार?

रेसिपी व्ह्यूच्या सेटिंगमध्ये एक जागा नीट बघून ठेवावी लागते. रेसिपी टॅगशी सिंक्रोनाइझ ठेवली आणि बदललेले आकडे हाताने पाठवायचा पर्याय बंद असला, तर रकान्यात आकडा टाइप करून एंटर दाबताच तो थेट पीएलसीत जातो. डाउनलोडचं बटण दाबायची गरजच उरत नाही. जुन्या पॅनलवर नेमकं तसंच होतं. बॅच चालू असताना ऑपरेटरने पुढच्या बॅचचा रेकॉर्ड बघायला घेतला आणि होल्डवर बोट लागलं, तर चालू बॅचचा होल्ड बदलायचा. आता ते थेट जाणं बंद केलंय. आणि उद्या कुणी ते सेटिंग परत फिरवलंच, तरी आकडा इनबॉक्समध्येच पडेल.

लाइट गेल्याचं पण बघितलं. पाठवणं चालू असताना वीज गेली आणि मेलबॉक्सची स्थिती २ वर अडकून राहिली, तर पॅनल पुढचं काहीच पाठवत नाही. स्टार्टअपला एकदाच चालणाऱ्या `OB100` मध्ये स्थिती ० आणि इनबॉक्स रिकामा, असं टाकलं.

१२ जून

तपासणीचा कोड. दिसायला सोपा प्रकार आहे, पण इथेच जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

साखरेची तपासणी फक्त किलोंवर करून भागत नाही. ११० किलो साखर हा आकडा ठीक आहे की नाही, ते दूध किती आहे त्यावर ठरतं. म्हणून साखरेची टक्केवारी काढायची, असं आधीच्या प्रोग्रॅममध्ये होतं: साखर भागिले दूध. मर्यादेची ओळ अशी:

```
IF #pct < #lo OR #pct > #hi THEN
    #bad := TRUE;
END_IF;
```

वाचायला बिनचूक वाटते. आता रिकामा रेकॉर्ड पाठवा, दूध ०, साखर ०. शून्य भागिले शून्य, आणि उत्तर येतं ते आकडाच नसलेला ‘आकडा’, वॉच टेबलमध्ये `NaN`. त्याची कशाशीही लहान-मोठेपणाची तुलना केली तर उत्तर खोटंच मिळतं. तो लो पेक्षा लहान आहे का, नाही. हाय पेक्षा मोठा आहे का, तेही नाही. म्हणजे `#bad` लागतच नाही आणि टक्केवारी ‘बरोबर’ ठरते. सिम्युलेटरवर पाठवून बघितलं, बिनदिक्कत पास.

प्रश्न उलटा विचारला की हे मिटतं. चूक शोधायची नाही, बरोबर असल्याचा पुरावा मागायचा:

```
IF NOT (#v >= #lo AND #v <= #hi) THEN
    #bad := TRUE;
END_IF;
```

इथे `NaN` ला दोन्ही तुलनांत खोटं मिळतं, कंस खोटा ठरतो, आणि `NOT` मुळे रेसिपी नाकारली जाते. सगळ्या सहा आकड्यांची तपासणी या साच्यात बदलली.

तरी टक्केवारीचा भागाकार मी काढूनच टाकला. साखर ही दुधाच्या ठराविक पटीपेक्षा जास्त नको, एवढंच तर बघायचं आहे, मग गुणाकार पुरतो: साखर ≤ पट × दूध. दूध शून्य आणि साखर शून्य असताना ही अट खरी ठरते, आणि दूध शून्य आहे ही तक्रार दुधाच्या स्वतःच्या किमान मर्यादेतून येते. ऑपरेटरला ‘साखरेचं प्रमाण चुकलं’ असं दाखवण्यापेक्षा ‘दूध ० किलो’ दाखवलेलं बरं.

आकड्यांचे आपसातले संबंधही तपासात घेतले. थंड करण्याचं तापमान तापवण्याच्या तापमानापेक्षा कमी हवं. हे सांगावं लागतं का, असं वाटेल. पण एकेका आकड्याची मर्यादा बघताना लस्सीच्या रेसिपीत ८५ पर्यंत तापवा आणि ८८ ला थंड करा हे दोन्ही सुटे सुटे बरोबर ठरू शकतं, जर कुणी थंड करण्याची वरची मर्यादा सैल ठेवली असेल तर. पीएलसी मग कूलिंगच्या पायरीत शिरताच ती पूर्ण झाली असं मानून पुढे जाईल आणि गरम दूध टाकीत जाईल.

१३ जून

कारणं सांगायचा भाग. नाकारली एवढं म्हणून चालत नाही.

पॅनलवर पाठवणं यशस्वी झाल्याचा जो तयार संदेश येतो, त्याचा अर्थ इतकाच की आकडे पीएलसीपर्यंत पोहोचले. तो स्थिती ४ वर येतो, आणि पीएलसीची तपासणी त्याच्यानंतर सुरू होते. म्हणजे पॅनल म्हणणार यशस्वी, आणि त्याच वेळी पीएलसीने संच फेकून दिलेला. ऑपरेटर स्टार्ट दाबेल आणि व्हॅट आधीच्या रेसिपीवर चालेल. आजच्या टेस्टला नेमकं हेच करून बघितलं आणि मॅडमना दाखवलं.

यावर दोन गोष्टी केल्या. एक, पीएलसीकडून वेगळा उत्तराचा टॅग: वाट बघा, स्वीकारली, नाकारली. डाउनलोड सुरू होताच जुनी `DB_Active` स्टार्टसाठी अवैध होते, आणि ‘स्वीकारली’ येईपर्यंत स्टार्टचं बटण राखाडी. दोन, स्टार्टच्या स्क्रीनवर दिसणारे आकडे `DB_Active` मधून वाचलेले. रेकॉर्डमधले नाहीत. ऑपरेटर जे बघतो तेच व्हॅट चालवणार.

नाकारल्यावर ओळ अशी येते: ‘तापमान ६५.० — आइस्क्रीम मिक्सला किमान ७०.०’. कोणता आकडा, किती आला, किती हवा. एकापेक्षा जास्त चुका असतील तर सगळ्या एकदम दाखवायच्या. एक दुरुस्त करून पाठवा, मग दुसरी कळेल, असा छळ नको.

१७ जून

अधिकारांच्या पातळ्या. तांत्रिक काम थोडं, बोलणं जास्त.

आतापर्यंत एकच पासवर्ड होता आणि तो पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला होता. ऑपरेटर म्हणाला, ‘‘साहेब, रात्री काका झोपलेले असतात, त्यांना उठवायचं का?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, कशासाठी उठवावं लागतं ते तरी सांगा.’’ तो बोलत गेला तसं कळलं की बहुतेक वेळा दुधाचं वजन बदलायचं असतं. टँकर कमी आला की बॅच दोन हजारांऐवजी चौदाशेची होते. तापमान आणि होल्ड याला हात लावायची त्याला गरजच पडत नाही.

म्हणून वजन आणि साखर ऑपरेटरच्या पातळीवर खुलं केलं. मर्यादा आणि पट यांची तपासणी पीएलसीत आहेच. रेकॉर्डमधलं तापमान, होल्ड, थंड तापमान आणि ढवळणी शिफ्ट इन्चार्ज बदलू शकतो, पण वर्गाच्या मर्यादेत राहूनच. वर्गाची मर्यादा फक्त क्वालिटी बदलणार, आणि तिलाही ४० ते ९५ च्या यंत्राच्या मर्यादेबाहेर जाता येणार नाही, कारण ती प्रोग्रॅममधला स्थिरांक आहे. याहून महत्त्वाचं, वर्गाच्या किमान तापमानाला आणि किमान होल्डला पण प्रोग्रॅममध्ये एक तळ घातलाय. मिक्सला ६९.५ आणि ३० च्या खाली कुणाचाही पासवर्ड चालणार नाही. मॅडमनी स्वतःच तो तळ मागितला.

मेंटेनन्सच्या इंजिनिअरांना सगळ्यात वरची पातळी हवी होती. त्यांचं म्हणणं साधं आहे, बिघाड झाला की मलाच बोलावतात. पण व्हॉल्व्ह हाताने उघडणं, पीआयडीचे आकडे, सेन्सरचं कॅलिब्रेशन हा एक अधिकार आणि दूध किती तापवायचं हा दुसरा. पॅनलमध्ये गटांना असे अधिकार टिक करून द्यायचे असतात. ३ क्रमांकाच्या गटाला २ चं सगळं आपोआप मिळतं असं नाही. त्याचा इथे फायदाच झाला. मेंटेनन्सच्या गटाला मशीनचे सगळे अधिकार टिक केले आणि रेसिपीचा एकही नाही. ते जरा नाराज झाले, पण रात्री दोनला होल्ड कमी केल्याचा ठपका आपल्यावर येणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

एक अडचण बटणांची. तयार रेसिपी व्ह्यूला एकच अधिकार लावता येतो, पूर्ण व्ह्यूला. डाउनलोड ऑपरेटरला आणि सेव्ह इन्चार्जला, असं त्यात होत नाही. व्ह्यूची स्वतःची बटणं लपवली आणि बाहेर आपली बटणं मांडली, प्रत्येकाला स्वतंत्र अधिकार.

आपोआप लॉगआउट आधी ५ मिनिटांवर होतं. ओल्या हातमोज्यांनी पासवर्ड परत परत टाकायचा म्हणजे वैताग, आणि वैताग आला की पासवर्ड पुन्हा दारावर लिहिला जाणार. ऑपरेटरसाठी १५ मिनिटं केलं, इन्चार्ज आणि क्वालिटीला ५ च ठेवलं. लॉगइन किंवा लॉगआउट झालं की वापरकर्ता बदलल्याच्या घटनेवर नाव आणि गट क्रमांक पीएलसीत लिहिले जातात. पीएलसी डाउनलोड स्वीकारताना गट क्रमांक पुन्हा बघतो, आणि नोंदीत वेळ, नाव, रेसिपी, रेकॉर्ड, निकाल साठवतो.

२० जून

काकांची मागणी: होल्ड चालू असताना वेळ वाढवता यायला हवी. कधी कधी लॅबचा रिपोर्ट यायला उशीर होतो आणि दूध तापवलेलंच ठेवायचं असतं. बॅच चालू असताना डाउनलोड पूर्ण बंद आहे, आणि तो बंदच राहील. त्याला बगल देणारा दरवाजा नको होता.

म्हणून वेगळा रकाना दिला, ‘जादा होल्ड’, ० ते २० मिनिटं. तो रेसिपीच्या होल्डमध्ये मिळवला जातो, वजा होऊ शकत नाही, आणि बॅच संपली की ० होतो. रेसिपीला धक्का लागत नाही.

२३ जून

साइटवर पाण्याने चाचणी, मॅडम समोर.

आधी सीमारेषा. मिक्सला ६९.९ पाठवलं, नाकारलं. ७०.० स्वीकारलं. ८०.० स्वीकारलं, ८०.१ नाकारलं. होल्ड २९ नाकारलं, ३० स्वीकारलं. ६५ अंशाचा जुना मँगो रेकॉर्ड मुद्दाम रेसिपी २ मध्ये टाकून पाठवला, वर लिहिलेली ओळ जशीच्या तशी आली. मॅडमच्या लॅपटॉपवरच्या एक्सेलमधून सीएसव्ही करून एक रेकॉर्ड आत घेतला, त्यात होल्डच्या जागी ३ टाकून. तो कुठून आलाय याच्याशी पीएलसीला देणंघेणं नाही, नाकारला.

मग पाठवणं चालू असताना नेटवर्कची वायर काढली. ‘वाट बघा’ वर अडकलं आणि दहा सेकंदांनी वेळ संपल्याचं सांगून इनबॉक्स रिकामा झाला. स्टार्ट राखाडीच राहिलं. वायर परत लावून पाठवलं, पहिल्याच फटक्यात गेलं.

बॅच चालू असताना डाउनलोड दाबलं, ‘बॅच चालू आहे, पायरी: होल्ड’ असं आलं आणि टायमरला ओरखडाही नाही. होल्डमध्ये १२ व्या मिनिटाला स्टीम हाताने बंद केली. तापमान ६९ च्या खाली उतरताच टायमर शून्यावर गेला आणि अलार्म वाजला. ऑपरेटर म्हणाला, ‘‘म्हणजे परत पूर्ण अर्धा तास?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘हो, परत पूर्ण.’’

उरलेलं काम: पीटी-१०० तापमान सेन्सरचं वाचन मॅडमच्या संदर्भ थर्मामीटरपेक्षा ०.३ अंश जास्त दाखवतंय. तेवढी तफावत दुरुस्त होईपर्यंत मिक्सची खालची मर्यादा ७०.५ करून घेतली, क्वालिटीच्या लॉगिनमधून, आणि बदल नोंदीत उमटल्याचं तपासलं. कॅलिब्रेशनला मेंटेनन्स बुधवारी बसणार आहे.